स्वयंमूल्यमापन: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५

पद: औषध निर्माण अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, ३० खाटा

बाह्यरुग्ण विभागात औषधवाटप, भांडाराचा साठा सांभाळणे आणि ई-औषधी प्रणालीत नोंदी ठेवणे ही माझी नेमून दिलेली कामे. रोज सरासरी १६० चिठ्ठ्यांवर औषधे दिली. हे पदाचे नेहमीचे काम असल्याने त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये भांडाराचा ताबा घेतला तेव्हा ४१ औषधे मुदतबाह्य निघाली. नवा माल पुढे ठेवला जाई आणि जुना मागे राहून जाई, हे त्याचे कारण. मे महिन्यात सगळी कपाटे रिकामी करून माल मुदतीच्या क्रमाने लावला. सहा महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या खोक्यांवर लाल पट्टी चिकटवली आणि दर महिन्याच्या ५ तारखेला त्यांची यादी वैद्यकीय अधीक्षकांना दिली. त्यांच्या परवानगीने २३ औषधे जवळच्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे वेळेत पोचली. मार्च २०२५ अखेर मुदतबाह्य औषधे ७ होती. यादी आणि पाठपुरावा माझा. कपाटे लावण्याचे कष्ट दोन कक्षसेवकांचे आहेत आणि त्यांची नोंद घ्यावी, अशी विनंती आहे.

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० कुप्या प्रतिसर्पविष लागते. मागील तीन पावसाळ्यांच्या नोंदी पाहून जून ते सप्टेंबर किमान ६० कुप्या ठेवण्याचे ठरवले आणि त्यासाठी मे महिन्यातच मागणी नोंदवली. ऑगस्टमध्ये दोन दिवसांत चार रुग्ण आले, ५२ कुप्या लागल्या, बाहेरून एकही आणावी लागली नाही. चौघेही बरे झाले ते डॉक्टर आणि परिचारिकांच्या उपचाराने. औषध त्या क्षणी हाताशी होते, एवढा त्यातला माझा भाग.

ऑक्टोबरमध्ये मेटफॉर्मिनचा साठा ९ दिवस संपला होता. मागणी नोंदवायला मला उशीर झाला आणि मधुमेहाच्या रुग्णांना गोळ्या विकत घ्याव्या लागल्या. मोलमजुरी सोडून औषधासाठी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे मला फार लागले. तेव्हापासून रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांचा दोन महिन्यांचा साठा उरताच मागणी पाठवतो. नोव्हेंबर ते मार्च खंड पडला नाही.

ई-औषधीतील नोंद त्याच दिवशी पूर्ण करण्याचे उद्दिष्ट पूर्णपणे साधले नाही. मार्चमध्ये ३१ पैकी २६ दिवस ते जमले. उरलेल्या ५ दिवसांच्या नोंदी दुसऱ्या दिवशी केल्या.

प्रशिक्षणाची गरज: औषधांच्या दुष्परिणामांची नोंद आणि अहवाल. वर्षभरात रुग्णांनी अंगावर पुरळ, चक्कर अशा तक्रारी खिडकीवर सांगितल्या. त्या मी डॉक्टरांच्या कानावर घातल्या, पण विहित नमुन्यात कळवल्या नाहीत. पुढील वर्षी हे काम शिकून सुरू करण्याची माझी तयारी आहे.