कतारमधील पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र मिळणेबाबत अर्ज

अल्ताफ इब्राहिम मुकादम
राजिवडा, ता. जि. रत्नागिरी – ४१५ ६१२
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. संचालक,
गुन्हेगारी पुरावे व माहिती विभाग,
गृह मंत्रालय, दोहा, कतार

विषय : कतारमधील पूर्वीच्या वास्तव्यासाठी पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,

मी १४ मार्च २०१५ ते २७ जून २०१९ या काळात एसी टेक्निशियन म्हणून कतारमध्ये कायदेशीर परवान्यावर राहत होतो. २०१७ पर्यंत दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातील कामगार निवासात आणि नंतर अल वक्रा येथे राहिलो. मध्ये दोनदा सुट्टीवर गावी आलो. दोन्ही वेळा मुक्काम दोन महिन्यांच्या आत होता. परवाना रद्द करून मी परतलो, त्यानंतर कतारला गेलेलो नाही.

कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी मला १८ सप्टेंबर रोजी निमंत्रण मिळाले असून पूर्ण अर्ज ६० दिवसांत, म्हणजे १७ नोव्हेंबरपर्यंत भरायचा आहे. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक जिथे राहिलो त्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र तिथे लागते. शेवटचे वास्तव्य संपल्यानंतर दिलेलेच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, त्यामुळे २०१८ साली कंपनी बदलताना घेतलेले माझे जुने प्रमाणपत्र चालत नाही.

नोंदी जुळवताना दोन गोष्टी कृपया ध्यानात घ्याव्यात. कतारला आलो त्या जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा होता आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात होते. २०२३ च्या पासपोर्टात 'मुकादम' हे आडनाव वेगळे आहे. माणूस एकच आहे. दोन्ही पासपोर्टांच्या व कतारी ओळखपत्राच्या प्रती जोडल्या आहेत. हाताने लिहिताना अंक चुकू नये म्हणून क्रमांक इथे न लिहिता प्रतींवर अधोरेखित केले आहेत. प्रमाणपत्रावर नाव नव्या पासपोर्टाप्रमाणे यावे व दोन्ही पासपोर्ट क्रमांक नमूद व्हावेत, ही विनंती.

दुसरी बाब ठशांची. उजव्या तर्जनीवर २०२१ मध्ये डक्टच्या पत्र्याने कापल्याचा आडवा व्रण आहे. कतारमध्ये परवान्याच्या वेळी दिलेल्या ठशांत तो नसेल. बाकी नऊ बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आहेत. व्रणाची नोंद रत्नागिरी पोलिसांनी कार्डावरच शिक्क्यासह केली आहे.

तिथे माझ्यावर कोणताही गुन्हा किंवा खटला नव्हता. गाडी चुकीच्या जागी लावल्याचा एक दंड झाला होता, तो निघण्यापूर्वी भरला. पावती जोडली आहे.

प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचा व ते स्वीकारण्याचा अधिकार मी दोह्यात राहणारे माझे मावसभाऊ सलीम युसुफ काझी यांना दिला आहे. काही कागद कमी पडल्यास त्यांना कळवावे, मी तो तातडीने पाठवीन.

आपला विश्वासू,
(सही)
अल्ताफ इब्राहिम मुकादम

सोबत : ठशांची दोन कार्डे (परराष्ट्र मंत्रालय व कतारी दूतावास यांच्याकडून साक्षांकित), पासपोर्ट व ओळखपत्राच्या प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, अधिकारपत्र, कॅनडाचे निमंत्रण, दंडाची पावती, या पत्राचा अरबी व इंग्रजी अनुवाद.