डीलर आउटस्टँडिंग रिपोर्ट: सुरू करायच्या आधी तुम्हाला विचारायचंय

सर नमस्कार,

काल मिटींग संपता संपता तुम्ही म्हणालात की डीलरवाइज आउटस्टँडिंगचा रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये पाहिजे, पुढच्या सोमवारपर्यंत. रात्रीच सुरू करणार होते, पण कागदावर कॉलम लिहायला घेतले आणि तिसऱ्याच कॉलमला अडले, म्हणून हे सगळं एकदाच विचारून घेते. मोठं झालंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात आधी हे सांगा की रिपोर्ट बघून कोण काय करणार आहे? मला दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे वसुली, म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसरने उघडायचा आणि आठवड्यात कुठल्या डीलरकडे जायचं ते ठरवायचं. दुसरी म्हणजे माल थांबवणं, म्हणजे ऑर्डर आली की डिस्पॅचवाल्याने बघायचं की या पार्टीची थकबाकी किती आणि गाडी सोडायची का नाही. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं पण वसुलीत आकडा एक दिवस जुना असला तरी चालतं, ऑफिसर दुकानात गेल्यावर कळतंच की कालच पैसे टाकलेत. माल थांबवायचा असेल तर तोच एक दिवस महागात पडतो. मागच्या सीझनला सांगलीकडच्या एका डीलरने रविवारी एनईएफटी केलं होतं, बँकेची एंट्री पडली सोमवारी दुपारी, आणि सकाळी जुन्या एक्सेलवर बघून आपण त्याचे पंप थांबवले, विहिरीवर माणसं ताटकळत बसलेली आणि तो बिचारा दुसऱ्या कंपनीचा पंप देऊन मोकळा झाला. तो एक्सेल मीच पाठवला होता, त्यामुळे हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. दोन्ही पाहिजे असेल तर दोन वेगळी पानं करू, एकाच पानावर दोन्ही कामं नकोत असं माझं मत आहे.

आता कॉलम. "किती दिवसांची थकबाकी" हे बिलाच्या तारखेपासून मोजायचं का ड्यू डेटपासून? १ मार्चचं बिल, ४५ दिवस क्रेडिट, म्हणजे ड्यू डेट १५ एप्रिल. ३० एप्रिलला बघितलं तर बिलापासून ६० दिवस झाले पण ड्यू डेटपासून फक्त १५. पहिल्या पद्धतीत हा डीलर ३१ ते ६० च्या खान्यात लालेलाल दिसणार, दुसऱ्यात अगदी साधा. अकाउंट्सवाल्या मॅडम बिलापासून मोजतात, सेल्सवाले ड्यू डेटपासून बोलतात, म्हणून दर महिन्याला भांडण होतं. माझा कल ड्यू डेटकडे आहे पण ठरवायचं तुम्ही, आणि जे ठरेल ते मी रिपोर्टवर वरतीच मराठीत लिहून ठेवीन. खाने पण सांगा, ३०-६०-९० असेच ठेवायचे का? ऊसपट्ट्यातल्या डीलरांना आपण तोंडी जास्त दिवस देतो, कारखान्याची ऊसबिलं निघाली की पैसे येतात म्हणून, पण सिस्टीममध्ये सगळ्यांना ४५ च आहेत. मग रिपोर्ट सिस्टीमचं ऐकणार का तुमच्या शब्दाचं? तुमच्या शब्दाचं ऐकायचं असेल तर त्या डीलरांची यादी दिवसांसकट मला लेखी लागेल.

जे पैसे आलेत पण कुठल्या बिलापोटी ते डीलरने सांगितलेलं नाही, ऑन अकाउंट पडून आहेत, ते सगळ्यात जुन्या बिलातून वजा करू का वेगळ्या कॉलममध्ये दाखवू? वजा केले तर थकबाकी नवी दिसते आणि उद्या डीलर म्हणाला की ते पैसे या बिलाचे नव्हतेच तर ऑफिसर तोंडघशी पडतो. मी वेगळं दाखवायच्या बाजूची आहे. पुढच्या तारखेचे चेक हातात असले तरी ते वसूल धरायचे नाहीत ना? स्कीमच्या क्रेडिट नोट मंजूर झाल्यात पण पोस्ट झालेल्या नाहीत, त्यांचं काय? आणि आकडे जीएसटीसकट ना? उधारी तशीच असते, पण सेल्सचं टार्गेट जीएसटीशिवाय असतं आणि कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून भागाकार करणारच.

डीलर म्हणजे कोण, हेही विचारायचंय. काही जणांचे दोन कोड आहेत. एकाच पॅनवर दोन दुकानं असतील तर मी जोडू शकते, जीएसटी नंबरमधली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरं पॅनचीच असतात. पण बापाची प्रोप्रायटरशिप जाऊन बाप-लेकाची पार्टनरशिप झाली तर पॅनच बदलतो, तिथे जुन्या फर्मची उधारी नवीन नावाखाली दाखवायची का हे मला डेटा सांगू शकत नाही. अशा जोड्या तुम्हाला आणि ऑफिसरांना माहीत आहेत, दहा मिनिटं बसून नावं सांगितलीत तरी पुरे.

मग बघणारे कोण? तुम्ही, मॅडम, नऊ एरिया ऑफिसर, अजून कोणी? डायरेक्टर साहेबांना पण जाणार असेल तर त्यांना डीलरची यादी नको असेल, एरियावाइज एकच पान लागेल. ऑफिसर मोबाइलवर बघणार, तिथे पाच-सहाच्या वर कॉलम बसत नाहीत, त्यामुळे तुम्ही बारा सांगितलेत तर कुठले सहा आधी हे पण सांगा. प्रत्येकाला फक्त स्वतःचा एरिया दिसावा असं मी लावते, मात्र त्यासाठी त्यांना फक्त व्ह्यूअर ॲक्सेस द्यायचा, एडिटचा दिला की ते बंधन लागू होत नाही. आणि स्क्रीनशॉट डीलरला पाठवायला परवानगी आहे का? एका डीलरला दुसऱ्याची उधारी दिसली तर फार वाईट होईल, म्हणून पाठवायचं असेल तर एकाच पार्टीचं वेगळं पान करून देते.

शेवटचं, रिफ्रेश. तुम्ही "लाइव्ह" म्हणालात. आपल्या प्रो लायसन्सवर दिवसाला जास्तीत जास्त ८ वेळा शेड्यूल लावता येतं, पण खरा अडथळा तो नाहीच, बँकेच्या एंट्रीच साडेअकराच्या आसपास पडतात, त्याच्या आधी कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी आकडा कालचाच. माझा विचार आहे की सकाळी ७, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६. पहाटे मुद्दाम नको, सर्व्हरवर `TODAY()` यूटीसीने चालतं, साडेपाचच्या आधी रिफ्रेश केलं तर कालचीच तारीख धरून प्रत्येक बिल एक दिवसाने कमी जुनं दिसेल. वरती "बँक एंट्री कधीपर्यंतची" हे मोठ्या अक्षरात टाकणार आहे. डिस्पॅच थांबवायला वापरणार असाल तर १२ च्या आधी कोणाचाही माल या रिपोर्टवर थांबवू नये असा नियम तुम्ही काढाल का? आणि महिना संपल्यावर मागच्या तारखेच्या एंट्री पाच-सात दिवस येत राहतात, तर ३१ तारखेचा आकडा गोठवून ठेवू का बदलू देऊ? इन्सेंटिव्ह त्यावर असेल तर गोठवलेला लागेल, आणि तो पहिल्या महिन्यापासूनच साठवावा लागतो, नंतर मागून काढता येत नाही.

टोटल मी ३१ मार्चच्या लेजर बॅलन्सशी जुळवून बघणार आहे. नाही जुळली तर कोणाचा आकडा खरा धरायचा, मॅडमचा ना?

गुरुवारी दुपारी ३ ला तुमच्याकडे वीस मिनिटं असतील तर कोल्हापूर एरियाचं कच्चं पान घेऊन येते, मॅडमना पण बोलवा. तोपर्यंत पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं व्हॉट्सॲपवर टाका, वसुली का डिस्पॅच, म्हणजे मला डेटा जोडायला घेता येईल.