भट्टीचे दोन रंग : टेराकोटाच्या कानातल्यांचा नवा संग्रह

तीन महिन्यांच्या कामानंतर कानातल्यांचा नवा संग्रह आज आपल्यासमोर ठेवताना मनापासून आनंद होत आहे. यात चौदा नमुने असून एकूण बासष्ट जोड तयार आहेत. यातील एकाही जोडाला रंग लावलेला नाही. जो तांबडा आणि जो काळा रंग आपल्याला छायाचित्रांत दिसतो, तो एकाच मातीतून आणि केवळ आगीतून आलेला आहे. भट्टीत हवा खेळती राहिली की मातीतील लोह तांबडे होते. तेच दागिने भुशासह झाकणबंद मडक्यात ठेवून भाजले की हवा पोहोचत नाही, धूर मातीच्या छिद्रांत मुरतो आणि दागिना आतपर्यंत काळा होतो. सोनेरी रंगाचा हात फिरवला तर दागिने लवकर विकले जातात, हे मला ठाऊक आहे, परंतु या वेळी मातीचा स्वतःचा रंग झाकण्याची इच्छा झाली नाही.

माती वस्त्रगाळ करून मळल्यावर दोन्ही कानांचे डूल मी एकाच बैठकीत, एकाच गोळ्यातून घडवते. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि वेगवेगळ्या दिवशी मळलेल्या मातीतील पाणी कमीजास्त असल्यास एक झुमका दुसऱ्यापेक्षा लहान होऊ शकतो. कडीसाठीचे भोकही याच कारणाने हवे त्यापेक्षा थोडे मोठे पाडावे लागते. मागच्या वर्षी घाई करून झुमक्यांची एक अख्खी परात मी उन्हात वाळत ठेवली होती. पातळ कडा आधी सुकल्या, मधला भाग ओला राहिला आणि सगळ्या झुमक्यांना केसाएवढ्या चिरा गेल्या. तेव्हापासून प्रत्येक नग सावलीत, कापडाखाली, सावकाश वाळतो. अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटल्यामुळे त्याला जी मंद चमक येते, ती वरून दिलेल्या लेपाची नाही.

सर्वांत हलक्या कुडीचे वजन तीन ग्रॅम, तर सर्वांत मोठ्या झुमक्याचे प्रत्येकी अकरा ग्रॅम आहे. कानाचे भोक ओघळलेले असेल किंवा जड दागिन्याची सवय नसेल, तर सहा ग्रॅमच्या आतीलच नमुने निवडावेत, असा माझा आग्रह आहे. हूक आणि फिरकीची दांडी सर्जिकल स्टीलची आहे.

निगा राखणे अवघड नाही, मात्र ही भाजलेली माती आहे आणि तिला झिलई नाही, त्यामुळे ती पाणी, तेल आणि अत्तर शोषून घेते. अत्तर, केसांचा स्प्रे, क्रीम हे सर्व आटोपल्यावर शेवटी कानातले घालावेत, आणि आंघोळीपूर्वी व झोपण्यापूर्वी ते काढून ठेवावेत. पावसात भिजले तर घाबरू नये. मऊ कापडाने टिपून सावलीत पूर्ण वाळू द्यावेत आणि ओले असताना डबीत बंद करू नयेत. नक्षीत धूळ बसल्यास कोरडा मऊ ब्रश पुरेसा आहे, साबणाची गरज नाही. दोन जोड एकाच डबीत सुटे ठेवल्यास एकमेकांवर आपटून कडा उडतात, म्हणून प्रत्येक जोड कापसात वेगळा ठेवावा. सर्वाधिक तुटफूट कानातले काढताना हातातून निसटून फरशीवर पडल्याने होते. पलंगावर किंवा मांडीवर कापड पसरून ते काढण्याची सवय लावून घेतली, तर हे दागिने वर्षानुवर्षे टिकतात.

मागणी नोंदवण्यासाठी प्रथम छायाचित्रावरील नमुना क्रमांक, तांबडा की काळा हा रंग, आणि हूक हवा की फिरकी, एवढे एकाच संदेशात कळवावे. उदाहरणार्थ, ‘नमुना ७, काळा, हूक, एक जोड’. किंमत आणि वजन प्रत्येक छायाचित्राखाली दिलेले आहे. तो जोड शिल्लक असल्याचे मी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवीन आणि आपल्यासाठी चोवीस तास राखून ठेवीन. त्या वेळात पूर्ण रक्कम जमा करून पावतीचे छायाचित्र, पूर्ण पत्ता आणि फोन क्रमांक पाठवल्यावर मागणी पक्की होते. पार्सल तीन दिवसांत रवाना होते व त्याचा क्रमांक आपल्याला मिळतो. संपलेला नमुना पुन्हा हवा असल्यास पुढील भट्टीपर्यंत, म्हणजे साधारण पाच आठवडे थांबावे लागेल.

पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घ्यावा. एखादा नग तुटलेला निघाल्यास दोन दिवसांत तो व्हिडिओ पाठवावा; मी नवा जोड पाठवीन किंवा पूर्ण पैसे परत करीन. कानातले असल्यामुळे वापरलेले जोड मात्र परत घेतले जात नाहीत. धुराचा काळा रंग प्रत्येक नगावर थोडा वेगळा उतरतो, म्हणून काळा जोड निवडणाऱ्यांना पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याच जोडाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र मी पाठवते. ते पाहून पसंती कळवावी.