मॅडमना पाठवायचा मेसेज: तुझा आणि मी बदललेला

अरे, तुझा मेसेज वाचला. अजून पाठवला नाहीस हे फार बरं केलंस. फोनवर तुला जे विचारलं ते धरून नवा लिहिलाय. दोन्ही खाली एकापाठोपाठ ठेवते, म्हणजे काय गेलं आणि काय राहिलं ते तुलाच दिसेल.

तुझा असा होता:

«नमस्कार मॅडम, आधीच सॉरी म्हणतो, तुम्ही कामात असाल आणि मी मध्येच त्रास देतोय. खरं तर कालच मेसेज करणार होतो, टाइपही केला होता, पण रात्रीचे साडेदहा वाजले होते, इतक्या उशिरा बरं दिसणार नाही म्हणून पाठवला नाही, त्याबद्दलही सॉरी. मॅडम, तो तिमाही अहवाल आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता ना, तर त्याचं असं झालं की सोमवारी सकाळपासून मला जरा कणकण वाटत होती, मला वाटलं थकव्याने असेल, पण मग ताप चढला, मंगळवारी डॉक्टरांकडे गेलो, तिथे खूप गर्दी होती, दोन तास बसावं लागलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, ते नॉर्मल आलं, म्हणजे तसं काळजीचं काही नाही, पण अंगात त्राणच नव्हतं. तरी मी पडल्या पडल्या थोडं करत होतो. त्यात उत्तर विभागाचे आकडे सोमवारी यायचे ते काल संध्याकाळी आले, मी दोनदा आठवण केली होती, त्यांची चूक आहे असं मला म्हणायचं नाही, त्यांनाही कामं असतात, पण ते आल्याशिवाय तक्ते पुढे सरकत नाहीत. आणि काल लॅपटॉप नेमका अपडेट घ्यायला लागला, त्यात अर्धा तास गेला. मला माहीत आहे की हे सगळे बहाणे वाटतील. तुम्ही विश्वासाने हे काम दिलं होतं आणि मला खूप अपराधी वाटतंय. म्हणजे काम झालंच नाही असं नाही, बरंचसं झालंय. तर जमलं तर एक-दोन दिवस मिळाले तर बरं होईल, पण नसेल जमत तर आज रात्रभर बसून कसंही करतो. प्लीज रागवू नका. पुन्हा असं कधीच होणार नाही. परत एकदा सॉरी मॅडम.»

आता हा बघ:

«नमस्कार मॅडम.

तिमाही अहवाल आज संध्याकाळी द्यायचा होता, तो मी शनिवारी दुपारी 12 पर्यंत देतो. सोमवार-मंगळवार तापामुळे काम करता आलं नाही आणि उत्तर विभागाचे आकडे काल संध्याकाळी मिळाले. उशिराबद्दल क्षमस्व.

पाचपैकी तीन भाग पूर्ण आहेत, ते सोबत जोडले आहेत. उत्तर विभागाचा भाग आणि शेवटचा तुलनात्मक तक्ता बाकी आहे.

सोमवारच्या बैठकीआधी तुम्हाला वाचायला वेळ मिळावा म्हणून शनिवार धरला आहे. उत्तर विभागाचा भाग त्याआधी हवा असेल तर कळवा, तो उद्या संध्याकाळी देऊ शकेन.»

एवढंच. तुझ्या मेसेजमध्ये मॅडमना खरोखर हवी असलेली गोष्ट, म्हणजे अहवाल कधी मिळणार, ती कुठेच नव्हती. «एक-दोन दिवस मिळाले तर बरं होईल» यावरून त्यांना ना तारीख कळते, ना वेळ. त्यांना सोमवारी बैठकीत बसायचंय. तुझा मेसेज वाचून झाला की त्यांना तुलाच उलट फोन करून विचारावं लागलं असतं. म्हणून पहिल्याच वाक्यात वार आणि वेळ टाकली. शनिवार दुपार तुला नक्की जमते ना, हे मी तुला दोनदा विचारलं ते याचसाठी. ती वेळ चुकली तर या मेसेजचा काही उपयोग नाही. शंका असेल तर आत्ताच संध्याकाळी 5 कर, पण एकदा लिहिलंस की ती पाळायची.

«बरंचसं झालंय» हे तू ओशाळून, शेवटाकडे लिहिलं होतंस. ती तर तुझी सगळ्यात भक्कम बाजू आहे! तीन भाग तयार आहेत हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण मेसेजवरून वाटत होतं की कामाला हातच लागलेला नाही. फाइल जोडायला विसरू नकोस. आणि तापात केलेले भाग आहेत, बेरजा एकदा पुन्हा तपासून मगच जोड.

तापाबद्दल एक वाक्य ठेवलं. दवाखान्यातली गर्दी, रक्ततपासणी, हे घरच्यांना सांगायचं. तुझ्यावर कुणी शंका घेतलेली नसताना तू इतका तपशील दिलास, की वाचणाऱ्यालाच वाटायला लागतं, हा एवढं का पटवून देतोय? लॅपटॉपचा अर्धा तास तर पूर्ण काढला. खरा असला तरी दोन दिवसांच्या उशिरात त्याला जागा नाही आणि त्याच्यामुळे बाकीची खरी कारणंही हलकी वाटतात.

उत्तर विभागाचं वाक्य लिहिताना मी बराच वेळ घेतला. ते पूर्ण गाळावं असं आधी वाटलं, पण आकडे उशिरा आले ही मॅडमना माहीत असायला हवी अशी गोष्ट आहे. पुढच्या तिमाहीत त्या त्यावर काही करू शकतील. म्हणून आकडे कधी मिळाले तेवढंच लिहिलं. किती वेळा आठवण केली, चूक कुणाची, हे नाही. त्यांनी विचारलं तर आठवण केल्याच्या मेल तुझ्याकडे आहेतच.

माफी एकदाच मागितली आहे आणि ती मनापासून आहे. तू तीन वेळा सॉरी म्हटलं होतंस, वर «रागवू नका». म्हणजे उशीर तुझा आणि तुझी समजूत मॅडमनी काढायची! त्यांच्यावर हे ओझं कशाला? «पुन्हा असं कधीच होणार नाही» हेही काढलं. ताप काय सांगून येतो? रात्रभर बसायची तयारीसुद्धा नको दाखवूस, कालपरवा अंथरुणात होतास. झोप न घेता केलेला तक्ता मॅडमनाही नको असणार.

मेसेज वाचून त्यांनी फोन केलाच आणि «आधी का नाही कळवलंस?» असं विचारलं, तर सरळ म्हण: «हो मॅडम, मंगळवारीच कळवायला हवं होतं.» आणि थांब. पुढे साडेदहाची गोष्ट सुरू करू नकोस. त्या म्हणाल्या की शनिवार चालणार नाही, शुक्रवारीच सगळं हवं, तर घाबरून हो म्हणू नकोस. असं सांग: «उद्या संध्याकाळी पाचपैकी चार भाग देतो. तुलनात्मक तक्ता घाईत केला तर चुका राहतील, तो शनिवारीच देतो.» यात उर्मटपणा काही नाही, काम तुला माहीत आहे म्हणून तू सांगतोयस.

आता दुपारचे दोन वाजलेत. ठरलेली वेळ संध्याकाळची आहे, त्याआधीच हा त्यांच्याकडे पोचायला हवा. फाइल तपास, जोड आणि तीनच्या आत पाठव. मग गोळी घेऊन तासभर पड.