गुरुवार, सकाळी सात

सांगलीत हरभट रोडच्या आतल्या बोळात माझी चहाची टपरी. गिऱ्हाईक मला अण्णा म्हणतं. २०१९ च्या उन्हाळ्यात लेकीनं फेसबुकवर टपरीचं पेज काढून दिलं आणि पोस्ट आधीच लिहून वेळ कशी लावून ठेवायची तेही शिकवलं. सकाळी दूध तापवायचं, आलं ठेचायचं, त्यात मोबाइल कुठं बघणार? म्हणून दर रविवारी रात्री बसून आठवड्याच्या पोस्ट लावायचो.

४ ऑगस्टच्या रविवारीही लावल्या. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती, तिची एक. गुरुवारी सकाळी सातची दुसरी, वाफाळत्या गिलासाच्या फोटोसह: ‘एवढा पाऊस पडतोय आणि तुम्ही घरात बसलाय? या की! दोन कटिंगवर तिसरा आपल्याकडून.’

मंगळवारी कृष्णा बोळात शिरली. आमच्या गल्लीत सगळे २००५ ची खूण दाखवत होते. पाणी तेव्हा इथवर आलं होतं, यंदा त्याच्या वर जायचं नाही, असं मीही चार जणांना सांगितलं. शेगडी आणि पातेली फळीवर चढवली आणि बायकोला घेऊन विश्रामबागेतल्या एका शाळेत मुक्कामाला गेलो. त्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फळीचं काय झालं असेल ते कळायला जाऊन बघावं लागलं नाही.

बुधवारी रात्री फोन बंद पडला. शाळेत वीज नव्हती. पोस्टचं डोक्यातही नव्हतं, आणि असतं तरी वाटलं असतं, फोनच बंद आहे तर पोस्ट कशी जाईल? पण वेळ लावलेली पोस्ट आपल्या फोनमध्ये नसतेच. ती तिकडं कंपनीच्या यंत्रावर असते आणि ठरल्या वेळेला निघते. गुरुवारी सातला निघाली.

दहाच्या सुमारास आमच्या पेठेतले एक मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. काही न बोलता त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. पोस्टखाली पहिलंच लिहिलेलं होतं, ‘माझी आई दोन दिवस तिसऱ्या मजल्यावर अडकलीय, खाली बोट येईना. अण्णा, तुम्हाला गिऱ्हाईक सुचतंय?’ लिहिणारा पोरगा माझा रोजचा, बिनसाखरेचा. नोकरीमुळं पुण्यात अडकलेला. त्याच्या आईला मी वहिनी म्हणतो.

पोस्ट काढायला पासवर्ड हवा, तो माझ्या बंद फोनमध्ये. लेक साताऱ्यात, तिचा नंबर तोंडपाठ नाही. बायकोला पाठ होता. मास्तरांच्या मोबाइलवरून लावत राहिलो, रेंज येई आणि जाई. लागला तेव्हा पावणेएक झाला होता. तेवढ्यात ब्रह्मनाळला नाव उलटल्याची बातमी शाळेत आली. बायका भिंतीला टेकून रडत होत्या आणि मी लेकीला सांगत होतो, “आधी ती पोस्ट काढ गं, आधी काढ.”

ती म्हणाली, “काढली, बाबा. ‘चुकून गेली’ म्हणून टाकू का?”

मी नको म्हणालो. चुकून कशी? शब्द माझे, वेळ मीच लावलेली. सोमवारपासून पाणी वाढताना बघत होतो, तेव्हाच काढायला हवी होती. मग मी सांगत गेलो, ती लिहीत गेली: ‘सकाळची पोस्ट मी रविवारी लावून ठेवली होती. पाणी वाढल्यावर काढायला विसरलो. ज्यांची माणसं पाण्यात आहेत त्यांची मी हात जोडून माफी मागतो. टपरी पाण्याखाली आहे, मी विश्रामबागेत आहे.’ पुढच्या आठवड्याच्या दोन पोस्ट लावलेल्या होत्या, त्याही काढायला लावल्या.

त्या पोराचं उत्तर आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. टपरी गेल्याचं दुःख होतंच, पण डोळ्यांपुढं यायचा तो वाफेचा फोटो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

पाणी उतरल्यावर बोळात गुडघाभर गाळ. पातेली पोचलेली, पण सापडली. घासून घासून हाताची सालं गेली तरी वास जाईना. मेहुण्याकडून शेगडी आणली आणि गाळ उपसणाऱ्या पोरांसाठी चहा ठेवला, पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून.

तिसऱ्या दिवशी तो आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं भरलेले. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

“आईला बहिणीकडं नेऊन सोडलं,” तो म्हणाला. “शेजाऱ्यांनी शुक्रवारी बोटीत बसवलं.”

“बऱ्या आहेत?”

“जेवायला लागलीय आता.”

मी वेगळ्या पातेलीत त्याचा बिनसाखरेचा ठेवला, गाळला, पुढं केला. त्यानं एक घोट घेतला आणि गिलास फळीवर ठेवला.

“अण्णा,” तो म्हणाला, “आज साखर घाला.”