पैठणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली साड्यांबाबत आमच्या ग्राहकांसाठी सूचना

सप्रेम नमस्कार. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराईची खरेदी सुरू होते आणि त्याबरोबर आम्हा येवल्याच्या विणकरांची काळजीही वाढते. गेल्या काही आठवड्यांत आमच्या मागांवर विणलेल्या पैठण्यांची छायाचित्रे, त्यांतील आमच्या घरातील मंडळींसह, दोन अनोळखी पानांवर जशीच्या तशी वापरलेली आढळली. ‘येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, फक्त 3,999 रुपये’ अशी त्यांची जाहिरात आहे. तीवर विश्वास ठेवून पैसे भरलेल्या काही भगिनींना टपालाने आलेली साडी यंत्रमागावरची आणि कृत्रिम धाग्याची होती. त्या पानांशी आमचा कोणताही संबंध नाही. आमचे हे एकच पान आहे, आम्ही कोणालाही एजंट नेमलेले नाही आणि छायाचित्र पाहून लगेच पूर्ण रक्कम पाठवा असे आम्ही कधीही सांगत नाही.

यंत्रमागावरची किंवा ‘सेमी’ पैठणी तशी सांगून विकण्याला आमचा आक्षेप नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ज्यांना रोजच्या समारंभासाठी कमी किमतीत तो रंग आणि तो पदर हवा आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. आमची तक्रार आहे ती सेमी पैठणीला हातमागाची म्हणून विकण्याबद्दल. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे हे नाव खोटेपणाने लावणे हा केवळ व्यवहारातील अप्रामाणिकपणा राहत नाही, तो कायद्याचाही भंग ठरतो.

परीक्षेची सर्वांत विश्वासार्ह जागा म्हणजे पदराची उलटी बाजू. हातमागावर पदरातील मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते. त्या रंगाचा धागा आपल्या आकृतीच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तेथूनच परत फिरतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो आणि मागे लोंबकळणारे धागे जवळजवळ नसतात. नक्षी आपोआप उठवणारे जेकार्ड लावलेल्या यंत्रमागावर मात्र रंगीत धागा साडीच्या रुंदीभर मागून धावत जातो. तो तसाच सोडला तर उलट्या बाजूला आडव्या धाग्यांचे जाळे दिसते, कापला तर तुटलेल्या टोकांची लव बोटाला लागते. ही खूण लपवण्यासाठी काही विक्रेते पदराच्या मागे आधीच जाळी शिवून देतात. नवीन साडीला जाळी लावलेली असेल, तर ती उसवून दाखवल्याशिवाय साडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काठाकडेही असेच पाहावे. आडवा धागा मागातून नेतो तो धोटा. परंपरेने अंगाचा धोटा वेगळा आणि दोन्ही काठांचे धोटे वेगळे असतात, आणि अंगाचा धागा काठाच्या धाग्यात गुंतवून सांधा केला जातो. तो सांधा उलट्या बाजूनेही नीट दिसतो. मात्र एकधोटी प्रकारात एकच धोटा चालतो, म्हणून केवळ काठ पाहून साडी नकली ठरवू नये. निर्णय पदरावर करावा. शिवाय हाताने विणलेल्या दोन मुनिया अगदी एकसारख्या नसतात. एकीची चोच धागाभर लांब असते, तर दुसरीची शेपटी किंचित आखूड. संपूर्ण पदरावर प्रत्येक आकृती तंतोतंत सारखी असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

आता लेबलांविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. सिल्क मार्क हे चिन्ह कापड शुद्ध रेशमाचे असल्याची हमी देते. ते कापड हाताने विणले आहे की यंत्रावर, याविषयी ते चिन्ह काहीही सांगत नाही. शुद्ध रेशमाच्या यंत्रमागावरील साडीलाही सिल्क मार्क नियमाने मिळू शकतो, आणि विक्रेता तेच लेबल दाखवून ‘हातमागाची आहे’ असे म्हणतो. हातमागासाठी हँडलूम मार्क हे स्वतंत्र चिन्ह आहे. भौगोलिक मानांकन पैठणीची परंपरा आणि तिचा प्रदेश सांगते. म्हणजे धागा कोणता, माग कोणता आणि साडी कुठली, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. लेबलवरचा होलोग्राम पाहावा आणि क्यूआर कोड असल्यास स्वतःच्या फोनने तपासावा. विक्रेत्याने पाठवलेल्या लेबलच्या छायाचित्रावर समाधान मानू नये. दुसऱ्या बाजूने, अनेक लहान विणकर ही चिन्हे घेतच नाहीत, म्हणून लेबल नाही एवढ्यावरून त्यांच्या साडीला नकली म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे पुन्हा पदराची उलटी बाजूच साक्ष देईल.

रेशमाची खात्री घरीही करता येते. साडीच्या टोकाला सुटलेले दोन-तीन धागे घ्यावेत, पण ताण्याचे म्हणजे उभे आणि बाण्याचे म्हणजे आडवे असे वेगवेगळे, कारण काही नकली साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा कृत्रिम असतो. साडी दूर ठेवून, चिमट्यात धरलेला धागा थाळीवर जाळावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडेल अशी काळी राख उरते. पॉलिएस्टर वितळते, प्लास्टिकसारखा वास येतो आणि टणक गोळी बनते. कागदासारखा वास आला आणि हलकी राख उरली, तर तो रेयॉन समजावा. जरीचा धागाही असाच वितळून गोळा झाला, तर ती प्लास्टिकची जर आहे. आज हातमागाच्या पुष्कळ पैठण्यांत चांदीच्या जरीऐवजी तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली टेस्टेड जर वापरतात, आम्हीही वापरतो, परंतु ते बिलावर लिहून देतो.

किमतीचा हिशेब साधा आहे. साध्या बुट्टीची आणि लहान पदराची पैठणी विणायलाही विणकराचा सुमारे महिना जातो, भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. आमच्याकडे सर्वांत साधी पैठणी 11,000 रुपयांपासून सुरू होते. रेशमाचा खर्च वजा केल्यावर 3,999 रुपयांत त्या माणसाच्या महिन्याच्या मजुरीसाठी काय उरेल, याचा विचार प्रत्येक ग्राहकाने करावा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

दूरून खरेदी करताना व्हिडिओ कॉलवर पदर उलटा करून दाखवण्यास सांगावे. टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे. पक्क्या बिलावर ‘हातमागावर विणलेली, शुद्ध रेशीम’ असे शब्द मागून घ्यावेत; ‘पैठणी पॅटर्न’ किंवा ‘सिल्क फिनिश’ असे लिहून दिल्यास त्याचा अर्थ रेशीम नाही. पार्सल उघडताना चित्रीकरण करावे.

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि साडी जपून ठेवावी. ऑनलाइन पैसे गेले असल्यास विलंब न करता 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार करावी, आणि वस्तूबाबतच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 येथे संपर्क साधावा. अशी साडी आमच्याकडून गेलेली नसल्याने तिचे पैसे आम्ही परत करू शकत नाही, परंतु कोणीही कोठूनही घेतलेली साडी घेऊन आमच्या मागावर आले, तर आम्ही ती विनाशुल्क तपासून देऊ आणि हातमाग व यंत्रमाग यांतील फरक समोर बसून समजावून सांगू. माग सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत चालू असतो. आमची छायाचित्रे वापरणारे आणखी एखादे पान आढळल्यास त्याचा दुवा आम्हाला या पानावर संदेशाने पाठवावा.