पाणपोईची वर्गणी मोबाईलवरून द्यायची आहे? काका-काकू, आजी-आजोबा, हे आरामात वाचा

नमस्कार सगळ्यांना 🙏

यंदाही प्रतापनगर चौकात आपल्या मंडळाची पाणपोई सुरू होऊन राहिली. माठ आलेत, वाळा आलाय, पाण्याच्या कॅनवाल्याशी बोलणं झालंय. वर्गणी नेहमीसारखी, ज्याला जेवढी जमेल तेवढी. पण एप्रिलच्या उन्हात पैसे द्यायला दुपारी कोणी घराबाहेर पडावं असं मला वाटत नाही, म्हणून स्कॅनर ठेवलाय. तर बऱ्याच जणांनी सांगितलं की बाई आम्हाला भीती वाटते, बोट चुकलं न सगळं खातंच रिकामं झालं तर? कोणी म्हणालं मुलगा पुण्याला, विचारायचं कोणाला. भीती बरोबर आहे, पैसा कष्टाचा आहे. म्हणून सगळं नीट लिहून राहिले.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही पिन टाकेपर्यंत खात्यातून एक पैसाही कटत नाही. स्कॅन केलं, रक्कम टाकली, भलतीकडेच बोट लागलं, भलतंच काहीतरी उघडलं, काही होत नाही. मागे जायचा बाण दाबा किंवा सरळ ॲप बंद करून फोन ठेवून द्या. परत सुरुवातीपासून करता येतं, कितीही वेळा. फक्त ज्यांनी फोनमध्ये यूपीआय लाइट सुरू केलंय त्यांचे छोटे पेमेंट पिन न विचारता जातात, तुम्हाला ते माहीत नसेल तर बहुतेक सुरू नसेलच, तरी एकदा घरी विचारून घ्या.

आता कसं करायचं ते. चष्मा लावा, खुर्चीवर बसा, घाई नको. फोनपे, गूगल पे, भीम, जे तुमच्या फोनमध्ये आहे ते उघडा. त्यात स्कॅनचं चिन्ह असते, चौकोनासारखं, ते दाबलं की कॅमेरा सुरू होतो. आपला कोड वाचनालयाच्या टेबलावर लॅमिनेट करून ठेवलाय, त्याच्यासमोर फोन एक वीतभर अंतरावर धरा, हात थोडा हलला तरी चालते, फोन स्वतःच वाचून घेतो, फोटो काढायचा नाही. बाहेर पाणपोईवर उभं राहून कराल तर उन्हात स्क्रीन दिसत नाही, सावलीत या.

घरी बसून करायचं असेल तर याच ग्रुपवर मी टाकलेला कोडचा फोटो फोनमध्ये सेव्ह करा, मग स्कॅनच्या पानावर फोटोचं किंवा गॅलरीचं एक छोटं चिन्ह दिसते, ते दाबून तोच फोटो निवडा. स्वतःच्या फोनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करायचा असं दोघातिघांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर हेच.

स्कॅन झालं की स्क्रीनवर नाव येते. इथे थांबा. सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. नाव मोठ्याने वाचा. आपल्या मंडळाचं जे नाव पावतीपुस्तकावर छापलंय तेच इंग्रजी अक्षरात दिसलं पाहिजे. दुसऱ्या कोण्या माणसाचं, दुकानाचं नाव आलं तर पुढे जाऊच नका, मागे या न मला फोन करा. लोकं दुसऱ्याचा कोड वरून चिकटवून जातात, असे प्रकार होतात, म्हणून टेबलावरचा कोड मी रोज सकाळी स्वतः बघते, तरी तुम्ही नाव वाचाच.

नाव बरोबर असलं की रक्कम टाका. ५०० द्यायचे असतील तर पाच, शून्य, शून्य, आणि मग शून्य मोजा. जास्तीचं शून्य लागलं तर खोडायचं बटण तिथेच असते. अगदी पहिल्यांदा करत असाल तर आधी फक्त १ रुपया पाठवा. तो आला की मी तुम्हाला सांगते, मग धीर आला की बाकीचे. १ रुपया पाठवला म्हणून कोणी काही म्हणत नाही, मीच तुम्हाला तसं करायला सांगून राहिले. पाठवायचा वेगळा चार्जही लागत नाही, खात्यातून ५०० गेले की मंडळाला पूर्ण ५०० मिळतात.

त्याखाली मेसेज लिहायची जागा दिसली तर नाव आणि "पाणपोई" लिहा, नाही जमलं तर सोडून द्या. मग पे दाबा, कोणत्या बँकेतून ते दिसेल, आणि मग पिन मागेल, ४ किंवा ६ आकडी, तुम्ही ठरवलेला. एटीएमचा पिन वेगळा, हा वेगळा, दोघांची गल्लत होते. चुकला तर पैसे जात नाहीत, पण दोनदा चुकला की थांबा, सारखा चुकीचा टाकला की बँक तेवढ्यापुरतं बंद करून टाकते, साधारण एक दिवस.

हिरवी खूण आली की झालं. त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठवा, नाहीतर नुसता मेसेज टाका की "पाठवले", मी बँकेत बघून पावती घरपोच देते.

आता अडकलं तर. कधी कधी हिरव्या खुणेऐवजी चाक फिरत राहते किंवा पेंडिंग लिहून येते. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, बहुतेकांचे दोनदा पैसे असेच जातात. अर्धा तास थांबा, बँकेचा मेसेज बघा. पैसे कटले पण मंडळाला आलेच नाहीत तर ते आपोआप परत येतात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, माणसाच्या खात्यावर पाठवताना अडकले तर पुढच्या दिवसापर्यंत, दुकानासारख्या खात्यावर असेल तर पाच दिवसांपर्यंत. आणि चुकून ५०० चे ५००० मंडळाकडे आलेच तर ४५०० मी त्याच खात्यावर परत पाठवते, वहीत दोन्ही नोंदी राहतील, कोणालाही बघता येतील.

फसवणुकीचं एकच लक्षात ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. कोणी म्हणालं हा कोड स्कॅन करून पिन टाका, तुमची वर्गणी परत देतो, बक्षीस देतो, तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या, काय वाटेल त्याला असा विचार करू नका. मंडळातून कोणीही तुम्हाला पिन, ओटीपी विचारणार नाही, मीसुद्धा नाही. स्क्रीन दिसावी म्हणून एखादं ॲप टाकायला सांगितलं तरी नाही म्हणा. आणि काही झालंच तर लाजून लपवू नका, उशीर करू नका, लगेच १९३० ला फोन लावा न बँकेला कळवा, जितक्या लवकर सांगाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

ज्यांना हे सगळं वाचूनही नकोच वाटते त्यांनी रोख द्या, अगदी मोकळ्या मनाने. रोखीची न ऑनलाइनची पावती सारखीच. कोणी कोणाला जबरदस्ती करायची नाही, ग्रुपवर टोमणे तर अजिबात नको.

रविवारी संध्याकाळी ५:३० ला, ऊन उतरलं की, मी वाचनालयात बसते. फोन चार्ज करून आणा, चष्मा आणा. मी शेजारी बसून सांगेन, बोटं तुमचीच चालतील, पिन टाकताना मी तोंड फिरवून बसेन. आजींना जिना चढवत नाही त्यांनी निरोप द्या, मी घरी येते.